दुकान नाही, पण ऑनलाइन विकायचे आहे: घरच्या पत्त्यावर जीएसटी नंबर काढताना

ऑनलाइन विक्रीला सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझं दुकानच नाही, मग नंबर मिळणार कसा?" जीएसटीच्या कायद्याला दुकान लागत नाही, पत्ता लागतो. जिथून धंदा चालतो, जिथे माल ठेवला जातो किंवा जिथे हिशेबाच्या वह्या असतात, ती जागा कायद्याच्या भाषेत 'व्यवसायाचे ठिकाण' ठरते. ती बेडरूमचा कोपरा असली तरी चालते. मात्र ती जागा तुम्ही कोणत्या हक्काने वापरता, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. घरून विकणाऱ्यांचे जे अर्ज अडकतात, त्यातले बहुतेक याच ठिकाणी अडकतात. म्हणून या लेखात पत्त्यावर जास्त वेळ घालवणार आहे आणि बाकीचा फॉर्म भराभर उरकणार आहे.

आधी ठरवा: नंबर लागतो का?

वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. ते खरे आहे, पण ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला ही सूट सरसकट लागू नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार अशा बाजारपेठेतून माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात एक सवलत आली. तुमची उलाढाल मर्यादेत असेल आणि तुम्ही फक्त आपल्या राज्यातल्या ग्राहकांनाच माल पाठवणार असाल, तर पूर्ण नोंदणीऐवजी नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येते. तो जीएसटीच्या पोर्टलवरच पॅन आणि पत्ता देऊन मिळतो, आणि तो हातात येण्याआधी विक्री सुरू करता येत नाही. त्यावर रिटर्न भरावे लागत नाही. पण ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

ऐकायला हा मार्ग सोपा वाटतो. अडचण अशी की नागपूरच्या विक्रेत्याला रायपूरची ऑर्डर घेता येत नाही. ज्यांचा माल टिकाऊ आहे आणि कुरियरने कुठेही जाऊ शकतो, त्यांना मी सरळ पूर्ण नोंदणी घ्यायला सांगतो. ताजे खाद्यपदार्थ एकाच शहरात पोचवणाऱ्या माणसाला मात्र एनरोलमेंट नंबर पुरेसा आहे.

वस्तू न विकता ऑनलाइन मंचावरून सेवा देणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. इथून पुढे फक्त वस्तू विकणाऱ्यांबद्दल, आणि पूर्ण नोंदणीबद्दल.

पत्त्याचा कागद

फॉर्ममध्ये 'Principal Place of Business' नावाचे पान आहे. तिथे पत्ता लिहून झाल्यावर 'Nature of possession of premises' असा प्रश्न येतो आणि खाली पर्याय उघडतात: Own, Leased, Rented, Consent, Shared, Others. तुम्ही जो पर्याय निवडाल त्याप्रमाणे कागद जोडायचे असतात. निवडलेला पर्याय आणि जोडलेला कागद जुळला नाही की नोटीस येते.

घर तुमच्याच नावावर असेल तर Own. त्याला मालमत्ता कराची ताजी पावती, लाइट बिल, पाणीपट्टीचे बिल यांपैकी एकच कागद पुरतो. गावात ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती चालते. कागदावरचे नाव मात्र तुमचेच हवे.

घर आई-वडील, नवरा-बायको, सासू-सासरे अशा कोणाच्या नावावर असेल तर Consent. इथे लोक हमखास गडबड करतात. "आमचंच घर आहे" म्हणून Own निवडतात आणि वडिलांच्या नावाचे लाइट बिल जोडतात. अधिकाऱ्याला तुम्ही एका घरात राहता याच्याशी देणेघेणे नसते. कागदावर मालक दुसराच दिसतो, एवढेच त्याला दिसते. Consent निवडल्यावर तीन गोष्टी लागतात: मालकाचे संमतिपत्र, मालकाच्या ओळखीचा पुरावा आणि मालकीचा एक कागद. नातेवाइकाची संमती साध्या कागदावर चालते, स्टँप पेपरचा खर्च करायची गरज नाही.

भाड्याचे घर असेल तर Rented. भाडेकरार आणि घरमालकाच्या नावाचा एक कागद जोडायचा. करार नोंदणीकृत असेल तर घरमालकाचे ओळखपत्र लागत नाही, नसेल तर लागते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे तसेही बंधनकारक आहे, त्यामुळे बहुतेकांकडे तो असतोच. घरमालक लाइट बिल द्यायला कुरकुर करतो तेव्हा एक साधा उपाय आहे: मीटरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या संकेतस्थळावरून ताजे बिल तुम्ही स्वतः काढू शकता. अर्थात घरमालकाला अंधारात ठेवू नका. त्याच्या दारावर तुमच्या धंद्याची पाटी लागणार आहे, आणि एखाद्या दिवशी अधिकारीही येऊ शकतो.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी काढलेली ०३/२०२५ क्रमांकाची सूचना घरून विकणाऱ्याने उतरवून ठेवावी. कोणत्या जागेला कोणता कागद पुरे आहे हे तीत लिहिले आहे, आणि त्यापलीकडचे कागद मागू नका असे अधिकाऱ्यांना बजावले आहे. 'हा धंदा या जागेतून होऊ शकत नाही' किंवा 'तुमचे राहते घर दुसऱ्या शहरात आहे' असल्या अंदाजावर शंका काढू नका, असेही तीत आहे. घरातून विकणाऱ्यांना पूर्वी नेमके हेच प्रश्न विचारले जायचे. ही सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. तुमचा अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तर तिथे ती तशीच बंधनकारक नसते, पण उत्तरात तिचा उल्लेख करायला काहीच हरकत नाही.

सोसायटीच्या ना-हरकत पत्राचे काय, हाही प्रश्न येतोच. त्या यादीत ते नाही. सोसायटीचे स्वतःचे नियम हा वेगळा विषय आहे. रोज जिन्यावर पन्नास खोकी उतरू लागली तर शेजारी बोलणारच.

आणखी एक फाटा म्हणजे व्हर्च्युअल ऑफिस. महिन्याला काही पैसे घेऊन पत्ता, करार आणि लाइट बिल असा संच देणारे खूप आहेत. कागद बहुतेक वेळा नीट असतात. पण पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याला तिथे तुमचा माल, वह्या, माणूस यांपैकी काही दिसले नाही, तर जाहीर केलेल्या ठिकाणाहून धंदा होत नाही या कारणावरून नंबर रद्द होऊ शकतो. ज्याचे स्वतःच्या राज्यात घर आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

एक उदाहरण, कागदांसकट

समजा, सांगलीतली एक बाई घरी गोधड्या शिवते आणि आता त्या ऑनलाइन विकायच्या आहेत. फ्लॅट सासऱ्यांचा होता. ते वारल्यावर महापालिकेच्या दप्तरी सासूबाईंचे नाव लागले, पण लाइट बिल अजून सासऱ्यांच्याच नावाने येते. बाईच्या पॅनवर माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे.

नावाचा गुंता आधी सोडवायचा. पोर्टल तुमचे कायदेशीर नाव पॅनवरून घेते आणि पुढे ओळख आधारने पटवते. दोन्हीकडे नावे वेगळी असली की पडताळणी तिथेच अडू शकते. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी पॅन दुरुस्त करून घ्यायचे. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हेही पाहून घ्यायचे, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

मग जागेचे कागद. इथे लाइट बिल जोडणे म्हणजे नोटीस ओढवून घेणे. बिलावर जे नाव आहे तो माणूस हयात नाही, आणि मृत माणसाचे संमतिपत्र येणार कुठून? लाइट बिल बाजूला ठेवायचे आणि सासूबाईंच्या नावाची मालमत्ता कराची पावती घ्यायची. सासूबाईंचे आधार किंवा पॅन आणि सही केलेले संमतिपत्र त्याला जोडायचे. संमतिपत्र असे लिहिता येईल:

"मी, (सासूबाईंचे पूर्ण नाव, पावतीवर आहे तसेच), फ्लॅट क्र. (…), (इमारत, रस्ता, शहर, पिनकोड) या मिळकतीची मालक आहे. माझी सून (पूर्ण नाव, पॅनवर आहे तसेच) हिला वरील जागा गोधड्या तयार करणे, साठवणे व विकणे या व्यवसायासाठी आणि जीएसटी नोंदणीसाठी व्यवसायाचे मुख्य ठिकाण म्हणून वापरण्यास मी संमती देत आहे. या वापरासाठी मी भाडे घेत नाही. सोबत माझे ओळखपत्र व मालमत्ता कराची पावती जोडली आहे."

खाली दिनांक, ठिकाण, सही आणि मोबाइल नंबर. नाते स्पष्ट लिहायचे, ते वाचून अधिकाऱ्याचा निम्मा प्रश्न मिटतो. पत्र मराठीत लिहिले तरी खाली इंग्रजी मजकूरही द्यावा. अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे जाईल की केंद्राच्या, हे तुमच्या हातात नसते, आणि केंद्राचा अधिकारी मराठी वाचणारा असेलच असे नाही.

आता पत्ता. मालमत्ता कराच्या पावतीवर 'फ्लॅट नं. ४, पहिला मजला' असेल, तर फॉर्ममध्ये, संमतिपत्रात आणि पुढे बाजारपेठेच्या खात्यातही तेच लिहायचे. पावतीवर जुना घर क्रमांक आणि फॉर्ममध्ये नवा, असे झाले की 'पत्ता जुळत नाही' असा शेरा आलाच म्हणून समजा. पावतीवरचा पत्ता अर्धवट असेल तर पावतीवर आहे तेवढा तसाच ठेवा, आणि उरलेला तपशील, म्हणजे पिनकोड, जवळची खूण वगैरे, त्यात भर म्हणून टाका.

फॉर्म भरताना

www.gst.gov.in वर Services, मग Registration, मग New Registration. पहिलाच प्रश्न 'I am a' असा आहे. इथे 'Taxpayer' निवडायचे. त्याच यादीत 'Tax Collector (e-Commerce)' दिसते आणि ई-कॉमर्स हा शब्द पाहून नवखा माणूस नेमका त्यावर बोट ठेवतो. तो पर्याय बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, तिथे विकणाऱ्यांसाठी नाही.

राज्य, जिल्हा, पॅन, मोबाइल आणि ईमेल दिल्यावर दोन्हीकडे ओटीपी येतो आणि तात्पुरता क्रमांक मिळतो, त्याला टीआरएन म्हणतात. तो पंधरा दिवस चालतो, तेवढ्यात फॉर्मचा दुसरा भाग पुरा करायचा. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊन बसलेले लोक नंतर नोटीस आल्याचे कळलेच नाही म्हणून डोके धरतात.

दुसऱ्या भागात दहा पाने आहेत. त्यातल्या चार-पाच ठिकाणी थांबून विचार करायचा, बाकी ठिकाणी नाव-पत्ता-फोटो एवढेच काम.

पहिल्या पानावर 'Reason to obtain registration' विचारतात. तिथेही ई-कॉमर्सचे दोन पर्याय दिसतात. तुमचा 'Selling through e-Commerce portal'. लहान व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक दराने कर भरू देणारी कॉम्पोझिशन योजना हवी का, या प्रश्नाला राज्याबाहेर विकायचे असेल तर 'No'. त्या योजनेत बाहेरच्या राज्यात माल पाठवता येत नाही.

नियम १४ए खाली नोंदणी हवी का, असाही एक पर्याय आता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तो सुरू झाला. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर हा पर्याय घेता येतो आणि आधारची पडताळणी झाली की तीन कामाच्या दिवसांत नंबर मिळतो. घरून विकणाऱ्याचे ग्राहक बहुतेक सामान्य लोकच असतात, त्यामुळे ही अट त्याला सहसा अडवत नाही. पुढे मोठ्या व्यापाऱ्यांना माल द्यायला लागलात आणि मर्यादा ओलांडणार असे दिसले, तर आधी अर्ज करून या पर्यायातून बाहेर पडावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

पत्त्याच्या पानावर पिनकोड टाकला की नकाशा उघडतो. खूण आपल्या इमारतीवर आणून ठेवा. आपोआप भरलेला रस्ता किंवा भाग चुकीचा असेल तर दुरुस्त करा. पुढे कोणी पाहणीला आले तर ते या खुणेच्या आधाराने येणार आहे. खाली 'Nature of business activity' मध्ये जे खरेच करता तेवढ्यावरच टिचकी मारा. आमच्या बाईंनी 'Factory / Manufacturing' आणि 'Retail Business' एवढेच निवडावे. उद्या लागेल म्हणून 'Import', 'Export', 'Warehouse' असे सगळे निवडून ठेवले की अधिकाऱ्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि सात प्रकारचे धंदे दिसतात.

वस्तूंच्या पानावर एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला संकेतांक, शोधायचा. गोधडी, रजई हे सगळे ९४०४ मध्ये येते. पाच वस्तूंपर्यंत नोंदवता येतात आणि पुढे नवी वस्तू विकायची म्हणून नवी नोंदणी लागत नाही. त्यामुळे इथे फार डोके खाजवत बसू नका.

आधारच्या पानावर पडताळणीला 'Yes' म्हणा. नको म्हटले तर जागेच्या प्रत्यक्ष पाहणीशिवाय नंबर मिळत नाही. अर्ज सादर केल्यावर ईमेल येतो. काहींना त्यात ओटीपीने पडताळणी करायची लिंक येते, तर काहींना जीएसटी सुविधा केंद्रात वेळ ठरवून येण्याची. कोणाला केंद्रात बोलवायचे हे यंत्रणा ठरवते. बोलावले म्हणून घाबरायचे कारण नाही. मूळ कागद घेऊन जायचे, तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. हे काम पंधरा दिवसांत झाले नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. पडताळणी पुरी झाल्यावरच अर्जाचा क्रमांक, म्हणजे एआरएन, तयार होतो. तो हातात आला नसेल तर अर्ज दाखल झालेला नाही, हे साधे गणित.

नोंदणीला सरकारी फी नाही. कोणी 'सरकारी चलनाचे पैसे' म्हणून मागितले तर ते त्याच्या खिशात जाणार.

नोटीस आली तर

नेहमीच्या मार्गाने केलेल्या अर्जावर सात कामाच्या दिवसांत निर्णय किंवा शंका यायला हवी. अर्ज धोक्याच्या यादीत गेला किंवा जागा पाहायची ठरली, तर हीच मुदत तीस दिवसांची होते. शंका REG-03 या नोटिशीने येते आणि तिला सात कामाच्या दिवसांत REG-04 मधून उत्तर द्यायचे असते. उत्तर दिले नाही तर अर्ज फेटाळला जातो. फेटाळल्यावर नवा अर्ज करता येतो, पण तीच चूक तशीच ठेवून नवा अर्ज करण्यात अर्थ नसतो.

समजा, आमच्या बाईंना नोटीस आली: जागेच्या मालकीचा कागद स्पष्ट नाही, लाइट बिल जोडा. इथे घाबरून सासऱ्यांच्या नावाचे बिल जोडून मोकळे होऊ नये. उत्तरात तीन ओळी लिहायच्या. जागा सासूबाईंच्या नावावर आहे, मालमत्ता कराची पावती पुन्हा स्वच्छ स्कॅन करून जोडली आहे, आणि सूचना क्र. ०३/२०२५ प्रमाणे मालकीसाठी एक कागद पुरेसा आहे. त्याच्याबरोबर लाइट बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावे आहे हे खरे सांगून बिल आणि मृत्यूचा दाखला स्वतःहून जोडला तर उत्तम. लपवलेल्या गोष्टीवर दुसरी शंका निघते, सांगितलेल्या गोष्टीवर सहसा निघत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने तिरके काढलेले, कडा कापलेले फोटो हेही नोटिशीचे एक फालतू कारण असते. तेवढे तरी टाळा.

अधिकारी घरी पाहणीला आला तर आधी फोन येईलच असे धरून चालू नका. तो जागेचे फोटो काढतो आणि अहवाल पोर्टलवर चढवतो. दारावर व्यवसायाच्या नावाची छोटी पाटी, कपाटात तयार माल, खरेदीची दोन बिले आणि दार उघडणाऱ्याला "हो, इथे सूनबाई गोधड्या विकते" एवढे सांगता येणे पुरेसे असते. सासूबाईंना काहीच माहीत नसेल आणि त्या "इथं कसला धंदा? नाही हो" म्हणून दार लावून घेतील, तर कागद कितीही चोख असले तरी अहवाल वाईटच जाणार.

नंबर आल्यावर

नोंदणीचे प्रमाणपत्र, REG-06, पोर्टलवरून उतरवून घ्या. ते व्यवसायाच्या जागी दिसेल असे लावायचे आणि दारावरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा, हा नियम घरालाही तसाच लागू आहे. बँकेचे खाते तीस दिवसांच्या आत, किंवा विक्रीचे पहिले रिटर्न, म्हणजे GSTR-1, भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर पोर्टलवर नोंदवायचे. हे विसरले की नंबर तात्पुरता स्थगित होतो आणि बाजारपेठेवरचे खाते बंद पडते.

यापुढचा मुद्दा दुकान नसणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतो. माल तुमच्या घरून कुरियरने जात असेल, तर एकाच नंबरावर देशभर विकता येते. पण माल बाजारपेठेच्या गोदामात ठेवायचे ठरवले, की ते गोदामही तुमचे व्यवसायाचे ठिकाण होते. गोदाम महाराष्ट्रात असेल, समजा भिवंडीत, तर आपल्याच नोंदणीत जादा ठिकाण म्हणून ते REG-14 अर्जाने वाढवायचे. त्यासाठी लागणारे संमतिपत्र आणि कागद बाजारपेठ तुमच्या खात्यातून देते. गोदाम कर्नाटकात असेल तर तिथली वेगळी नोंदणी लागते आणि त्याबरोबर वेगळी रिटर्नही येतात. बाजारपेठेच्या पडद्यावर "आणखी गोदामे जोडा" असे मोठे बटण दिसते, ते दाबण्याआधी हे आठवा. पहिले काही महिने घरूनच माल पाठवणे मला शहाणपणाचे वाटते.

पहिल्या विक्रीचा हिशेब

गोधडी १,०५० रुपयांना गेली. २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती गोधडीवर ५ टक्के कर आहे, म्हणून त्यातले १,००० मालाचे आणि ५० कराचे. ग्राहक पुण्याचा असेल तर २५ सीजीएसटी आणि २५ एसजीएसटी. ग्राहक बंगळुरूचा असेल तर पूर्ण ५० आयजीएसटी.

तुमचे पैसे चुकते करताना बाजारपेठ करापूर्वीच्या रकमेवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरायचा कर, कापते, म्हणजे इथे ५ रुपये. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक टक्का होता, म्हणून जुन्या लेखांतले आकडे घेऊ नका. हे ५ रुपये गेले असे समजू नका. पोर्टलवर 'TDS and TCS Credit Received' या पानावर ते दिसतात. तिथे स्वीकारून ते पान दाखल केले की ते तुमच्या रोख खात्यात जमा होतात. स्वीकारलेच नाहीत तर तसेच पडून राहतात, आणि असे हजारो रुपये पडून राहिलेले विक्रेते मी पाहिले आहेत.

बाजारपेठेने १५० रुपये कमिशन घेतले असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी २७ रुपये कर लागलेला असतो. नोंदणी असल्यामुळे तो वजा करता येतो, पण बाजारपेठेच्या खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर भरलेला हवा. तेव्हा ५० मधून २७ गेले, उरले २३. त्यातले ५ रोख खात्यात आहेतच, खिशातून भरायचे १८. कापड, दोरा यांच्या खरेदीवरचा कर यातून आणखी वजा होईल.

पाच कोटींच्या आतल्या विक्रेत्याला तिमाही रिटर्नचा पर्याय घेता येतो. मग महाराष्ट्रात GSTR-1 तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि कराच्या हिशेबाचे रिटर्न GSTR-3B २२ तारखेपर्यंत भरायचे, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने जमा करायचा. GSTR-1 मध्ये ग्राहकवार विक्री तर लिहायचीच, शिवाय बाजारपेठेतून झालेली विक्री १४ क्रमांकाच्या तक्त्यात बाजारपेठेच्या जीएसटी क्रमांकासह दाखवायची. तिमाहीत एकही गोधडी विकली गेली नाही तरी शून्याचे रिटर्न भरावेच लागते, नाहीतर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत जाते. तिमाही भरणाऱ्याची लागोपाठ दोन रिटर्न राहिली तर नंबर रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. आणि धंदा खरोखरच बंद करायचा असेल तर रिटर्न थांबवून बसू नका, REG-16 भरून नंबर रीतसर रद्द करून घ्या.